तीस हजारांच्या धोक्याला चाळीस हजारांचा हप्ता

"विमा म्हणजे पांढरपेशांचा सट्टा. दुकानात १५ लाखांचा माल, वर्षाला २ टक्के धोका, म्हणजे सरासरी नुकसान ३० हजार. कंपनी घेते ४० हजार. कंपनी नफ्यात म्हणजे तुम्ही तोट्यात, साधा हिशेब आहे. त्यापेक्षा हप्त्याचे पैसे बँकेत टाका. आणि जो विमाही काढतो अन् लॉटरीचं तिकीटही घेतो तो तर दुप्पट मूर्ख, इकडे धोका विकतो अन् तिकडे विकत घेतो. पटलं तर पुढे पाठवा."
(नागपूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

मला पटलं नाही, तरी पुढे पाठवतो आहे, उत्तरासकट. आकडे मेसेजचेच घेतो. खऱ्या दुकानाला हप्त्याचा दर याहून बराच कमी पडतो आणि सगळा माल बुडण्याचा धोकाही कमी असतो, पण त्यानं युक्तिवादात फरक पडत नाही.

सट्ट्याचा मुद्दा आधी उरकतो, कारण तो कायद्यानंच कधीचा निकालात काढला आहे. सट्टा लावण्याआधी धोका नसतो, तो लावल्यावर तयार होतो. दुकानात पाणी शिरण्याचा धोका मात्र पॉलिसी असो वा नसो, असतोच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या आयुष्यावर पॉलिसी काढून पैसे लावायचे. तो खरोखर सट्टाच होता, आणि १७७४ च्या कायद्यानं तिथे तो बंद केला. ज्याच्या बुडण्यानं तुमचं नुकसान होत नाही त्याचा विमा तुम्हाला काढता येत नाही, हे विम्याचं मूळ तत्त्व तेव्हापासून पक्कं झालं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं, आणि विम्याचा क्लेम मात्र कोर्टात वसूल होतो. शेजाऱ्याच्या दुकानाचा विमा तुमच्या नावानं काढायला जाऊन बघा, म्हणजे फरक कळेल.

आता सरासरीकडे येऊ. मेसेजचा सगळा जोर तिथेच आहे आणि चूकही तिथेच आहे. ३० हजारांचा आकडा बरोबर आहे. १५ लाख गुणिले २ टक्के. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. तोच डाव पुष्कळ वेळा खेळला तर दर डावाला सरासरी किती पडेल, एवढंच ते सांगतं. पण दुकानदाराला ३० हजारांचं नुकसान कधीच होत नाही. त्याला शून्य तरी होतं नाहीतर १५ लाख. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं. त्या सकाळी ज्यांनी शटर उघडलं त्यांच्यापैकी कोणाच्याही दुकानात सरासरीएवढं पाणी नव्हतं. कोणाकडे काहीच नव्हतं, कोणाचा खालचा सगळा माल चिखलात.

म्हणून प्रश्न असा विचारायचा की १५ लाख गेल्यावर त्या माणसाजवळ उरतं काय. समजा सीताबर्डीच्या सखल भागातल्या एका कापड दुकानदाराची घरदार धरून एकूण मत्ता २० लाख आहे. माल गेला तर ५ लाख उरतात. पहिला लाख गेला तर तो यंदा गाडी बदलणार नाही. पंधरावा लाख जातो तेव्हा तो मुलीची फी, पुरवठादारांची उधारी आणि दुकानाचं भाडं यांतलं काय थांबवायचं ते ठरवत असतो. दोन्ही वेळा रक्कम एकच, झळ एक नाही. बारावीच्या अर्थशास्त्रात 'घटती सीमांत उपयोगिता' म्हणून जे पाठ केलं होतं ते हेच. पैसा आडव्या अक्षावर आणि त्यापासून मिळणारी उपयोगिता उभ्या अक्षावर मांडली, तर रेषा वर जाते पण जाताजाता लवत जाते. गणितात तिला अंतर्वक्र म्हणतात. जोखीम टाळण्याची माणसाची वृत्ती म्हणजे या बाकाचंच दुसरं नाव. वेगळा भित्रेपणा लागत नाही.

बाक किती धरायचा? सगळ्यात जुनं उत्तर डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाचं आहे, १७३८ चं. तो म्हणाला, मिळालेल्या किंवा गेलेल्या रुपयाचं वजन तुमच्याजवळ आधी किती आहे त्याच्या व्यस्त प्रमाणात मोजा. म्हणजे २० लाखांचे १० होणं आणि १० चे ५ होणं या दोन्ही झळा सारख्याच. तांत्रिक भाषेत हा लॉगरिदम झाला, पण आपण नुसतं 'किती वेळा अर्धं झालं' एवढं मोजू.

आपल्या दुकानदाराचे २० चे ५ लाख होतात, म्हणजे दोनदा अर्धं. त्याची शक्यता २ टक्के. म्हणून धोक्याचं वजन झालं ०.०४ अर्धं, दर वर्षी. आता ४० हजारांचा हप्ता भरला तर २० लाखांचे १९ लाख ६० हजार होतात, आणि ती घट त्याच मापानं ०.०२९ अर्धं भरते. हप्त्याचं वजन धोक्याच्या वजनापेक्षा कमी आहे. म्हणून पॉलिसी घ्यायची. जास्तीत जास्त किती हप्ता परवडेल? २० लाखांतून जी खात्रीची रक्कम गेली तर बरोबर ०.०४ अर्धं होईल, ती येते सुमारे ५४,७००. सरासरी नुकसान ३० हजार, त्याला परवडणारी किंमत ५४,७००. मधले २४,७०० रुपये तो अनिश्चितता गेल्याबद्दल मोजायला तयार आहे. कंपनी त्यातले १० हजार घेते. उरलेले १४,७०० त्याचा फायदा, जो पासबुकात कुठेच दिसत नाही आणि म्हणून मेसेज लिहिणाऱ्याला दिसला नाही.

हाच हिशेब लावून काही लोकांना विमा घेऊ नका असंही सांगता येतं, आणि मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. समजा दुसऱ्या शेठची मत्ता २ कोटी आहे आणि एका दुकानात तोच १५ लाखांचा माल आहे. तो गेला तर २०० लाखांचे १८५ होतात. शक्यता धरून धोक्याचं वजन निघतं ०.००२२ आणि ४० हजारांच्या हप्त्याचं ०.००२९. या माणसाला जास्तीत जास्त ३१,२०० च्या आसपास परवडतात. त्यानं ४० हजार भरू नयेत. मेसेज त्याच्यासाठी लिहिला असता तर मी गप्प बसलो असतो.

बर्नुलीनं अगदी हाच प्रश्न घेतला होता. सेंट पीटर्सबर्गच्या व्यापाऱ्याचा १० हजार रूबलचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजानं येतो. शंभरातली ५ जहाजं बुडतात. सरासरी नुकसान ५०० रूबल, विमा ८०० ला. या मालाव्यतिरिक्त जवळ ५,०४३ रूबलांपेक्षा कमी असतील तर विमा घे, जास्त असतील तर घेऊ नको, असं त्याचं उत्तर. विमा देणाऱ्याचाही हिशेब त्यानं केला: ज्याच्याजवळ निदान १४,२४३ रूबल आहेत त्यानंच हा विमा द्यावा. दोघांमध्ये एकच सौदा होतो आणि दोघांचाही फायदा होतो, कारण एकाचा बाक जास्त आहे आणि दुसऱ्याचा कमी.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. बाक लॉगरिदमचाच असतो असं कोणी लिहून दिलेलं नाही. बर्नुलीच्या दहा वर्षं आधी, १७२८ मध्ये, गाब्रिएल क्रामरनं वर्गमूळ सुचवलं होतं, ज्याचा बाक सौम्य असतो. वर्गमुळानं आपल्या बर्डीच्या दुकानदाराला जास्तीत जास्त ३९,८०० रुपये परवडतात. म्हणजे पॉलिसी दोनशे रुपयांनी हुकते! तेव्हा '४० हजार भरणं नेहमीच शहाणपणाचं' असा माझा दावा नाही. दावा एवढाच की वर्गमूळ घ्या नाहीतर लॉगरिदम, परवडणारी किंमत ३० हजारांच्या वर जाते, आणि ३० हजारांच्या वरची प्रत्येक किंमत चूक असं म्हणणारा माणूस बाक शून्य धरून बसलेला आहे.

यातूनच कंपनीच्या नफ्याचंही उत्तर मिळतं. कंपनीजवळ अशी दहा हजार दुकानं आहेत असं समजा. २ टक्क्यांनी वर्षाला सुमारे २०० क्लेम येतील. धोके एकमेकांपासून स्वतंत्र असले तर हा आकडा बहुतेक वर्षी १७२ ते २२८ च्या मध्ये राहतो. २२८ आले तरी ३४ कोटी २० लाख द्यावे लागतात, आणि हप्ते गोळा झालेत ४० कोटींचे. दुकानदारापाशी जी उलथापालथ होती ती कंपनीपाशी जवळजवळ सपाट होते. धोका नाहीसा होत नाही, पण एवढ्यांत विभागला की कोणालाच अर्धं करत नाही. सरासरी हा कंपनीच्या कामाचा आकडा आहे. मेसेजनं तो उचलून एकट्या दुकानाला चिकटवला.

'स्वतंत्र' ही अट मात्र छोटी नाही. ती दहा हजार दुकानं एकाच नाल्याच्या काठी असतील तर एक पाऊस सगळ्यांना एकदम भिजवतो, आणि मग २०० क्लेम नाही, शून्य तरी येतात नाहीतर हजारो. म्हणून कंपनी गावोगावची दुकानं घेते आणि स्वतःच्या डोक्यावरचा काही भाग जीआयसी री सारख्या पुनर्विमा कंपनीला देते. त्याचाही खर्च हप्त्यात येतो.

बँकेत टाकण्याचा सल्ला ऐकायला गोड आहे. दर वर्षी ४० हजार, ७ टक्के व्याज धरलं, तर १५ लाख व्हायला जवळपास १९ वर्षं लागतात. त्या १९ वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता २ टक्क्यांच्याच हिशेबानं ३२ टक्के, म्हणजे तिघांत एक. तिसऱ्या वर्षी शिरलं तर खात्यात सव्वा लाखाच्या आसपास असतील. २ कोटींच्या शेठला हा सल्ला चालतो, कारण त्याचे १५ लाख आधीच बँकेत आहेत.

मेसेजनं जे विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही ते हे, की पॉलिसी घेऊनही माणूस उघडा कसा पडतो. २०२१ पासून लहान दुकानांना, म्हणजे एका जागी ५ कोटींपर्यंत मालमत्ता असेल त्यांना, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी मिळते आणि तिच्यात पूर धरलेला असतो. घोळ होतो रकमेत. सीसी लिमिट, म्हणजे मालावर बँकेनं दिलेली कर्जाची मर्यादा, असलं की पॉलिसी बँकेच्या आग्रहानं निघते आणि बहुधा लिमिटाएवढीच निघते, मालाएवढी नाही. १५ लाखांचा माल आणि १० लाखांची पॉलिसी असेल, आणि ६ लाखांचा माल भिजला, तर नुकसान मोजायला आलेला सर्व्हेयर ६ लाख लिहीत नाही. तो म्हणतो, तुम्ही दोन तृतीयांश मालाचाच विमा काढला होता, ४ लाख घ्या. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे नाही. दिवाळीआधी माल भरता तेव्हा स्टॉक स्टेटमेंट आणि पॉलिसीची रक्कम शेजारी ठेवून बघा. बाकीचा सगळा हिशेब या एका तपासणीवर उभा आहे.

मेसेज एका ठिकाणी मात्र बरोबर ठरला असता, ते म्हणजे मोबाइलचा विमा. २० हजारांचा फोन, वर्षभरात तो निकामी होण्याची शक्यता ५ टक्के धरा, सरासरी नुकसान १,००० रुपये. आपल्याच २० लाखवाल्या दुकानदाराला त्यासाठी जास्तीत जास्त किती परवडतात? १,००५. फक्त पाच रुपये जास्त. मत्तेच्या मानानं नुकसान छोटं असलं की वाकलेली रेषाही सरळ दिसते आणि सरासरीच राज्य करते. तरी लोक काउंटरवर दीड-दोन हजार मोजून हा विमा घेतात. अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू रॅबिननं २००० साली दाखवून दिलं की इतक्या छोट्या रकमांबद्दलची भीती बाकानं समजावता येत नाही. तसा बाक धरला तर तोच माणूस मोठ्या आणि उघड फायद्याच्या संधीही नाकारेल असं निघतं. ही भीती दुसरीकडून येते, तोटा नफ्यापेक्षा जास्त टोचतो तिथून.

आता तिकिटाकडे. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे, म्हणजे सरकारनंच उघडलेलं दुकान. हिशेबापुरतं एक तिकीट घेऊ: ५० रुपये किंमत, ५० लाखांचं बक्षीस, दोन लाख तिकिटांत एक. सरासरी २५ रुपये. बक्षिसावर ३० टक्के कर लागतो तो मी सोडून देतो. आपल्या दुकानदाराला ते लागलं तर २० चे ७० लाख होतात. यातल्या पहिल्या २० लाखांनी त्याची मत्ता दुप्पट होते, पण पुढच्या ३० लाखांनी आणखी एकदा दुप्पटही होत नाही. बर्नुलीच्या मापानं त्या तिकिटाची किंमत त्याला साडेबारा रुपये. ज्या बाकानं विम्याची किंमत सरासरीच्या वर नेली त्याच बाकानं तिकिटाची किंमत सरासरीच्या निम्म्यावर आणली. तो ते ५० ला घेतो, म्हणजे साडेसदतीस रुपये जास्त देतो. विम्यात त्यानं १४,७०० मिळवले होते. मूर्ख म्हणायचंच असेल तर साडेसदतीस रुपयांपुरता म्हणा, दुप्पट कशाला?

पण घेतो कशाला, हे कोडं उरतंच. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये सुचवलं की रेषा सगळीकडे खालीच लवत नाही. मधला एक तुकडा वर उचलला जातो, जिथे पैसा नुसता वाढत नाही तर माणसाचा थरच बदलतो: भाड्याच्या गाळ्यातून स्वतःच्या दुकानात. त्या उडीसाठी माणूस सरासरीच्या वर पैसे मोजतो, आणि खालच्या बाजूला विमाही घेतो. कल्पना सुंदर आहे, पण हॅरी मार्कोविट्झनं १९५२ मध्ये तिच्यातलं भोक दाखवलं. तसं असतं तर मधल्या थरातला माणूस नाणं उडवून आपली निम्मी-अर्धी मत्ता लावायला एका पायावर तयार झाला असता. असे लोक दिसत नाहीत. लोक तिकिटं काढतात, दुकान लावत नाहीत.

माझा कल कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांकडे आहे. त्यांनी बाकाकडे नाही, शक्यतेकडे बोट दाखवलं. अगदी लहान शक्यता मनात फुगते. १९९२ च्या त्यांच्या मोजमापात फायद्याची १ टक्का शक्यता निर्णयात साडेपाच टक्क्यांएवढी भरली, आणि ५० टक्के शक्यता उलट ४२ पर्यंत घसरली. नुकसानीतही छोटी शक्यता फुगतेच. म्हणजे तिकीट आणि पॉलिसी एकमेकांच्या विरोधात नाहीत. दोन्हीकडे एकच लांबची शक्यता मोठी दिसते, एकीकडे ५० लाख येण्याची, दुसरीकडे १५ लाख जाण्याची. फरक एवढाच की विम्यात हा फुगवटा बाकाच्याच दिशेनं ढकलतो आणि लॉटरीत उलट दिशेनं.

हे सगळं ५० रुपयांच्या तिकिटाबद्दल झालं. रक्कम वाढली की बाक परत येतो. कमिशन नाही, कर नाही, नाणं अगदी प्रामाणिक, लागलं तर ५ लाख आले, नाही तर ५ लाख गेले, असा डाव बर्डीच्या दुकानदारानं घेतला असं समजा. सरासरी तोटा शून्य. पण २० चे २५ होण्यानं जेवढं मिळतं त्यापेक्षा २० चे १५ होण्यानं जास्त जातं, आणि लॉगरिदमनं त्या डावाची किंमत निघते उणे ६३,५००. खऱ्या डावात कमिशनही असतं. सेबीनं २०२४ मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. मेसेजला 'सट्टा' हा शब्द वापरायचाच होता, तर तो इथे वापरता आला असता.